अडतीसला दोन कुठून आणायचे?

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ३८ + २७ लिहा आणि वही-पेन्सिल न घेता उत्तर विचारा. ६५ सांगणाऱ्यांना जरा थांबवून चुकलेल्यांकडे आधी पाहू. कुणी ६४ म्हणेल, कुणी ५५, एखादं मूल बिनधास्त ५१५ म्हणेल. तिन्ही चुका वेगळ्या आहेत. ५५ वाल्याने मनातल्या मनात उभी मांडणी केली आणि हातचा विसरला. ५१५ वाल्याने पाच आणि पंधरा शेजारी शेजारी ठेवले; त्याच्यासाठी ३८ मध्ये तीस नाहीत, नुसता तीन हा अंक आहे. आणि ६४ वाला बाकाखाली बोटं मोजत होता. पहिल्या बोटावरच त्याने ‘अडतीस’ म्हटलं, म्हणून उत्तर बरोबर एकाने कमी आलं. तिसरीत बेरीज वारंवार एकाने कमी येत असेल, तर मूल अजून एकेक मोजतंय असं समजायला हरकत नाही.

या मुलाला द्यायची गोष्ट म्हणजे दहा पूर्ण करण्याची युक्ती. अडतीसला चाळीस व्हायला दोन हवेत. ते सत्तावीसमधून घ्यायचे, उरले पंचवीस. चाळीस आणि पंचवीस, पासष्ट. सांगायला सोपं आहे, पण यात मुलाला तीन गोष्टी लागतात: आठला दहा व्हायला किती हवेत हे चटकन आठवणं, सत्तावीसमधून दोन वेगळे काढता येणं आणि काढलेले दोन गेले हे लक्षात ठेवणं. यातली पहिली कच्ची असेल तर युक्तीचं ओझंच होतं, बोटं परवडली. म्हणून आधी दहाच्या जोड्या पक्क्या करायच्या. शिक्षकाने ‘सात’ म्हणावं, मुलाने ‘तीन’ म्हणावं. मूल बोटांकडे पाहत असेल तर पुढे जायची घाई नको.

सर्वांत जास्त मुलं अडकतात ती तिसऱ्या ठिकाणी. दोन घेऊन चाळीस केले, पण पुढे पंचवीसऐवजी पुरे सत्तावीस मिळवले, उत्तर ६७. इथे समजावत बसण्यापेक्षा शंभर मण्यांची, दहा-दहाचे रंग बदलणारी गणितमाळ घ्यावी. अडतीसाव्या मण्यानंतर चिमटा लावायचा. त्या रंगाचे दोनच मणी उरलेले दिसतात. सत्तावीस मणी पुढे मोजायचे झाले तर ते दोन त्यातलेच पहिले दोन, हे मूल स्वतः पाहतं. मग दोन पुरे रंग आणि वर पाच. काही दिवसांनी माळ समोर न ठेवता ‘आता चिमटा कुठे असेल?’ एवढंच विचारायचं.

दुप्पटीचं काम वेगळं. ती मुलांना आधीपासून येते, बेचा पाढा म्हणजे दुसरं काय? साता दुणे चौदा येत असेल तर ७ + ८ साठी दहापर्यंत जायचं कारण नाही: चौदा आणि एक. तसंच ३५ + ३६ म्हणजे सत्तर आणि एक. गडबड होते ती मोठ्या संख्येची दुप्पट घेतल्यावर. आठ दुणे सोळा आठवले, आता एक मिळवायचा की काढायचा? ‘जवळची दुप्पट घ्या आणि एक मिळवा’ असा नियम सांगितलेला असेल तर मूल सतरा म्हणतं. त्यामुळे नियम सांगूच नये. ‘आठ कुणाला मिळाले आणि कुणाला एक कमी मिळाला?’ हा प्रश्न पुरतो.

९ + ४ ला दहा सोयीचे, ६ + ७ ला दुप्पट. ८ + ७ ला दोन्ही चालतात आणि वर्गात चर्चेला हेच उदाहरण उत्तम. उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं केलंस?’ विचारा आणि मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. मात्र या युक्तीच्या चौकटी आखून त्या भरायला लावल्या की तीही हातच्यासारखीच पाठ करायची रीत होऊन बसते, हे मला फार खटकतं. ४६७ + २८५ अशी बेरीज खुशाल कागदावर करावी. तिथे हातचाच बरा.

वजाबाकीत एक सापळा आहे. ५२ − ३८ साठी चाळीस काढले तर बारा उरतात. बेरजेत चाळीस केले की वरचे दोन काढून टाकायचे असतात, ती सवय इथे आड येते आणि मूल दोन आणखी काढून दहा म्हणतं. अशा वेळी पैशांची गोष्ट करावी: दुकानदाराने अडतीसऐवजी चाळीस घेतले, तर दोन रुपये कुणाला परत मिळणार? किंवा सरळ मोजत वर जावं: अडतीसपासून चाळीसला दोन, तिथून बावन्नला बारा, एकूण चौदा. बऱ्याच मुलांना हीच वाट सोपी जाते.

दुप्पट पुढे पाढ्यांतही कामी येते. चारचा पाढा अडला तर दुप्पटीची दुप्पट: साता दुणे चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस. आणखी एकदा दुप्पट केली की आठी साते छप्पन्न. सात गुणिले सहाला मात्र नुसती दुप्पट पुरत नाही. तिथे सातचे पाच वेळा पस्तीस आणि वर एक सात, असं फोडावं लागतं.