तीन मापे पीठ

नव्याने सुरू झालेली मंडळी म्हणजे बहुधा भाड्याची एक खोली, डझनभर प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी किंवा गिटार आणि आठ-दहा माणसे. अशा मंडळीत पाळक पहिल्या काही रविवारी हमखास मोहरीच्या दाण्यावर आणि खमिरावर उपदेश करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हे दोन दाखले लागोपाठ येतात. प्रत्येक जेमतेम एक-दोन वाक्यांचा. एक माणूस शेतात मोहरीचा दाणा पेरतो, त्याचे मोठे झाड होते आणि पक्षी फांद्यांवर येऊन राहतात. एक बाई पिठात थोडे खमीर मिसळते आणि सगळे पीठ फुगते. देवाचे राज्य असे आहे, असे येशू सांगतो.

इथून उपदेशाला एक सोपी वाट फुटते: आज आपण दहा आहोत, उद्या हजार होऊ. ऐकणाऱ्यांनाही ते हवे असते. पण दाखल्यांत हे आश्वासन नाही. तिथे वाढते ते देवाचे राज्य, एखाद्या मंडळीची हजेरी नव्हे. हा फरक पहिल्या रविवारी सांगितला नाही, तर वर्षभरानंतरही माणसे दहाच राहिली की लोकांना वाटू लागते, आपला विश्वासच कमी पडला. माझ्या मते लहान मंडळीवर यापेक्षा मोठा अन्याय नाही.

लूकने हेच दोन दाखले कुठे ठेवले आहेत ते पाहावे. त्याच्या तेराव्या अध्यायात सभास्थानात एक बाई येते. अठरा वर्षे ती कंबरेत वाकलेली आहे, तिला सरळ उभे राहता येत नाही. शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीचा दिवस असूनही येशू तिला बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, वाद होतो, आणि त्याला लागूनच मोहरी आणि खमिराचे दाखले येतात. गर्दीचा आकडा तिथे कुणीच मोजत नाही. एका बाईची पाठ सरळ झाली, एवढेच घडले आहे. उपदेशकाने सुरुवात इथून करावी, म्हणजे ‘लहान’ याचा अर्थ ‘अजून मोठे न झालेले’ असा होत नाही.

आता मोहरी. गालीलच्या टेकड्यांवर उगवणारी काळी मोहरी आपल्या फोडणीतल्या मोहरीच्याच कुळातली. दाणा दीड-दोन मिलिमीटरचा, आणि चांगल्या जमिनीत रोप माणसाच्या उंचीच्या वर जाते, कधी अडीच-तीन मीटरपर्यंत. जगात याहून बारीक बी असते, ऑर्किडचे तर धुळीसारखे. पण येशू त्या शेतकऱ्यांशी बोलत होता, त्यांच्या हातात येणाऱ्या बियांमध्ये मोहरीच सर्वांत लहान. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. यहेज्केल संदेष्ट्याने देवाच्या भावी राज्याचे चित्र काढले ते उंच डोंगरावरच्या देवदाराचे, ज्याच्या सावलीत सर्व जातींचे पक्षी राहतात. ऐकणाऱ्यांच्या मनात तो देवदार होता. येशूने पक्षी तसेच ठेवले आणि झाड मात्र परसातले घेतले, तेही एका हंगामात वाढून वाळून जाणारे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की मोहरी एकदा पेरली की त्या जागेतून काढणे कठीण, कारण दाणा पडतो तसा लगेच रुजतो. मोहरीचा जोर उंचीत नाही, रुजण्यात आहे. नव्या मंडळीला देवदार होण्याचे स्वप्न दाखवणारा उपदेश या दाखल्याच्या उलट दिशेने जातो.

खमिराचा दाखला मला अधिक खोल वाटतो, आणि तो नीट कळायला त्या काळचे पीठ मळणे कळायला हवे. पाकिटातले दाणेदार यीस्ट तेव्हा नव्हते. खमीर म्हणजे आदल्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा. गोव्यात पूर्वी पावाला माडाची ताडी वापरत, तसे काहीतरी आंबवणे प्रत्येक घरात लागे. त्या गोळ्यातले सूक्ष्म जीव नव्या पिठातली साखर खातात, वायू सोडतात आणि कणीक फुगते. त्यासाठी वेळ लागतो. थंडीत तर रात्रभर. गोळा एका कोपऱ्यात तसाच राहिला तर तेवढाच भाग आंबट होतो आणि बाकीचे पीठ घट्ट राहते, म्हणून तो मोडून सगळीकडे मळावा लागतो. एकदा मळला की तो पुन्हा वेगळा काढता येत नाही.

शिवाय पीठ किती? तीन मापे. एक माप साधारण बारा-तेरा लिटरचे, म्हणजे एकूण वीस किलोहून जास्त पीठ. हे एका घरचे जेवण नव्हे. या भाकरींवर शंभरेक माणसे जेवतील. उत्पत्तीच्या पुस्तकात तीन पाहुणे दारी येतात तेव्हा अब्राहाम सारेला इतकेच पीठ मळायला सांगतो. ऐकणाऱ्या यहुदी बायांना ती गोष्ट नक्की आठवली असणार.

एक अडचण उपदेशकाने लपवू नये. बायबलमध्ये इतरत्र खमीर बहुतेक वेळा वाईटाची खूण आहे: वल्हांडणाच्या सणात ते घराबाहेर काढतात, आणि परुश्यांच्या खमिरापासून सावध राहा असे येशूच सांगतो. त्यामुळे काही भाष्यकार इथेही वाईट अर्थ काढतात. मला ते पटत नाही, कारण दाखल्याचे पहिले शब्दच स्वर्गाच्या राज्याविषयी आहेत. पण श्रोत्यांतला कुणी तो प्रश्न विचारणारच, तेव्हा उत्तर तयार हवे.

पिठात मिसळून जाणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1827 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आली. पुढे ती अहमदनगरला गेली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. मुलींच्या शाळा चालवणे हे तिचे काम. ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या मोजायची तर त्या काळी मिशनच्या हाती फार थोडे होते. पण तिच्या अहमदनगरच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या, आणि त्या पाहून पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे मनात आले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. 1848 मध्ये भिडेवाड्यात ती शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे फरारबाईंच्या संस्थेत घेतले.

फुले ख्रिस्ती झाले नाहीत. फरारबाईंच्या मंडळीची हजेरी त्यांच्यामुळे एकानेही वाढली नाही. मंडळीची वाढ हीच देवाच्या राज्याची वाढ मानली, तर या घटनेची नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण दाखल्यातल्या बाईने खमीर पिठात घातले ते पीठ फुगावे म्हणून; गोळा मोठा व्हावा म्हणून नव्हे.

म्हणून अशा उपदेशाचा शेवट मी वेगळा करीन. पुढच्या महिन्यात किती नवे लोक आणायचे, हे विचारणार नाही. त्या आठ-दहा जणांना एकेक करून विचारीन की सोमवारी सकाळी तुम्ही कुठे असता: जिल्हा रुग्णालयातल्या वॉर्डात, रिक्षाथांब्यावर, बालवाडीत, की सासूबाईंच्या अंथरुणाजवळ. प्रत्येकाने आपल्या जागेचे आणि तिथल्या एका माणसाचे नाव सांगावे. मग त्या नावांसाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी, आणि पुढच्या रविवारी उपदेशाआधी पहिली विचारपूस त्याच माणसांची व्हावी.