पगाराचं खातं बदलताना हप्ता कुठून जातो?

नवी नोकरी, नव्या बँकेत नवं पगार खातं. सगळे जुन्या खात्यातले पैसे नव्या खात्यात वळवतात आणि जुन्या खात्याकडे पाठ फिरवतात. गडबड इथेच होते. पगार नव्या खात्यात जमा होऊ लागला, तरी गृहकर्जाचा हप्ता जुन्याच खात्यावर येत राहतो.

समजा, पाच तारखेला २४ हजारांचा हप्ता जातो आणि जुन्या खात्यात अकराशे रुपये उरलेत. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे तुमचं जे मँडेट आहे, त्यावर जुनाच खाते क्रमांक आहे. त्यामुळे तिची मागणी नॅच यंत्रणेतून त्याच बँकेकडे जाते आणि हप्ता परत येतो. मग बँक दंड लावते, कंपनी वेगळा दंड लावते. थकबाकी वेळेत भरली नाही, तर क्रेडिट रिपोर्टवरही नोंद पडते. नव्या खात्यात भरपूर पैसे असून हे घडतं, याचंच वाईट वाटतं.

म्हणून सुरुवात कर्ज कंपनीपासून करावी. हप्त्याचं खाते बदलायचा अर्ज द्यायचा आणि नव्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडायचा. नवं मँडेट नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारवरून ऑनलाइन करता येतं. कागदी फॉर्मवरची सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही, तर तो परत येतो. नोंदणीला काही दिवस लागतात, त्यामुळे तारीख जवळ आली असेल तर तो हप्ता जुन्याच खात्यातून जाणार हे धरून चालावं. माझ्या मते दोन हप्त्यांची रक्कम तिथे ठेवावी. नव्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये पहिला हप्ता गेलेला दिसला, की मगच जुनं मँडेट रद्द करा. आधी रद्द केलंत, तर मधला हप्ता हमखास चुकतो.

आयुर्विम्याचा मासिक हप्ता चुकला तर साधारण १५ दिवसांची सवलत असते, तिच्या आत नवं खातं कळवता येतं. यूपीआय ऑटोपेचं तसंच: अॅपमध्ये मुख्य खातं बदललं म्हणून आधीची ऑटोपे आपोआप नव्या खात्यावर जात नाहीत. प्रत्येक उघडून पाहावी लागते.

सर्वांत जास्त निसटतात ती वर्षातून एकदाच जाणारी रक्कम. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मेच्या अखेरीस कापले जातात. खातं बंद झालं, तर हे संरक्षणही संपतं. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ही रक्कम दिसणारच नाही, म्हणून पूर्ण तेरा महिन्यांचं काढा आणि नावांवर खुणा करत जा.

पगार येणं थांबलं, की काही महिन्यांत अनेक बँका ते खातं साध्या बचत खात्यात बदलतात आणि किमान शिल्लक लागू होते. तेवढी रक्कम ठेवा, आणि यादीतली शेवटची कपात नव्या खात्यातून झाल्याशिवाय खातं बंद करण्याचा अर्ज देऊ नका.