पहिलं बिल जास्त का येतं?

ब्रॉडबँडची जाहिरात महिना सहाशे रुपयांची, आणि पहिलं बिल १,७४६ रुपये ४० पैशांचं. ग्राहक संतापून फोन करतो आणि पलीकडून ऐकतो, "सर, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय." इथेच खरं भांडण सुरू होतं. ग्राहक सेवा केंद्रातल्या माणसाने तेच बिल समोर उघडून त्यातल्या तारखा वाचून दाखवल्या, तर बहुतेक लोकांना ते पटतं.

समजा, जोडणी १२ जूनला सुरू झाली आणि कंपनीचं बिल दर महिन्याच्या १ तारखेला निघतं. भाडं आगाऊ घ्यायची पद्धत असेल तर १ जुलैच्या बिलात दोन तुकडे येतात. १२ ते ३० जून या एकोणीस दिवसांचे, रोजचे वीस रुपये धरून, ३८० आणि जुलैच्या अख्ख्या महिन्याचे ६००. म्हणजे हे बिल एका महिन्याचं नसून जवळपास पन्नास दिवसांचं आहे. हे आधी सांगावं, कारण ग्राहक मनातल्या मनात एकाच महिन्याचा हिशोब करत असतो. त्यात जोडणीचे एकदाच घ्यायचे ५०० रुपये धरले की १,४८० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी २६६ रुपये ४० पैसे. महाराष्ट्रातल्या बिलावर तो केंद्राचा नऊ आणि राज्याचा नऊ टक्के असा दोन ओळींत दिसतो, म्हणून कर दोनदा लावल्यासारखा वाटतो. राउटरसाठी परत मिळणारं डिपॉझिट घेतलं असेल तर ते वेगळं दाखवतात, त्यावर जीएसटी लागत नाही.

यानंतर न विचारताच पुढच्या बिलाचा आकडा सांगावा: ६०० आणि १०८ रुपये कर, एकूण ७०८. माझ्या मते अख्ख्या फोनमधलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य हेच. जाहिरातीत "अधिक जीएसटी" बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्यामुळे सहाशेचे सातशे आठ कधीच कमी होणार नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट करावं. नाहीतर पुढच्या महिन्यात तोच ग्राहक पुन्हा फोन करणार.

मात्र प्रत्येक मोठं बिल बरोबरच असतं असं समजू नये. जोडणी घेताना भरलेले पैसे "जमा" रकान्यात नसतील, तर तेवढी रक्कम दुसऱ्यांदा मागितली जाते आहे. तशीच चूक तारखेत होते. तंत्रज्ञ १२ तारखेला केबल ओढून गेला, पण इंटरनेट १५ तारखेला सुरू झालं, आणि नोंद मात्र १२ ची झाली. म्हणून ग्राहकाला थेट विचारावं, "नेट नेमकं कोणत्या दिवशी चालू झालं?" उत्तर १५ आलं आणि कामाच्या नोंदीतही तेच दिसलं, तर तीन दिवसांचे साठ रुपये आणि त्यावरचा १० रुपये ८० पैसे कर ग्राहकाच्या खात्यात परत जमा करायला हवा.