खोडलेली किल्ली इतिहासात उरते

एपीआय की म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची एक लांब ओळ. एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या सेवेला फोटो साठवायला किंवा एसएमएस पाठवायला सांगतो, तेव्हा ही ओळ सोबत देतो. ओळ बरोबर असली की सेवा काम करून देते. ती देणारा कोण, हे सहसा विचारत नाही. त्यामुळे ही किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याला खाते वापरता येते आणि बिल मात्र मूळ मालकाला येते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत तिचे दोन भाग असतात: AKIA या अक्षरांनी सुरू होणारी 20 अक्षरांची ओळख आणि 40 अक्षरांचे गुपित.

समजा, एका छोट्या कंपनीत नुकताच रुजू झालेला तरुण डेव्हलपर जुन्या प्रकल्पाचा कोड वाचतो आहे. कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला आहे. किल्ल्या ज्या फाइलमध्ये ठेवण्याचा प्रघात आहे, ती `.env` फाइल आता तिथे दिसत नाही. पण बदलांच्या यादीत ती काढून टाकल्याची नोंद त्याच्या नजरेला पडते आणि तो त्या फाइलचा इतिहास मागवतो.

```
$ git log --all --oneline -- .env
e41b7c2 remove .env
9a3f05d first commit
$ git show 9a3f05d:.env
```

शेवटच्या आज्ञेसरशी फाइल जशीच्या तशी पडद्यावर येते, AKIA ने सुरू होणाऱ्या किल्लीसकट.

गिट प्रत्येक कमिटच्या वेळी प्रकल्पाची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवते. फाइल काढून टाकली की ती नव्या स्थितीत नसते, पण आधीच्या स्थितीला धक्का लागत नाही. ज्याने `.env` काढली त्याला चूक सुधारल्यासारखे वाटले असेल. प्रत्यक्षात किल्ली एक पायरी मागे तशीच पडून राहिली. अशा किल्ल्या माणसे एकेक करून शोधत नाहीत. गिटहबवर नवा कोड आला की तो चाळणारे प्रोग्रॅम सतत चालू असतात आणि AKIA सारखी ठरलेली सुरुवात त्यांना लगेच सापडते.

अशा वेळी इतिहास पुसण्याची घाई होते, पण पहिले काम ते नाही. कोणी प्रकल्पाची प्रत आधीच उतरवून घेतली असेल तर ती परत मागवता येत नाही. म्हणून आधी किल्लीच निकामी करायची. डेव्हलपर वरिष्ठांना तातडीने कळवतो. सेवेच्या खात्यातून जुनी किल्ली बंद केली जाते आणि नवी तयार करून सर्व्हरवर बसवली जाते. मधल्या काळात ॲप काही मिनिटे अडते, पण उघडी किल्ली चालू ठेवण्यापेक्षा ते परवडते.

त्यानंतर त्या किल्लीने काय काय झाले ते तपासायचे. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेलमध्ये खात्यातील व्यवस्थापकीय हालचालींची 90 दिवसांची नोंद आपोआप मिळते. कंपनी कधीच न वापरणाऱ्या प्रदेशात सुरू झालेले सर्व्हर किंवा कोणीही न नेमलेला नवा वापरकर्ता ही गैरवापराची ठळक चिन्हे असतात. नोंद कोरी असली, तरी त्याआधीच्या काळाबद्दल ती काही सांगत नाही.

टोयोटाच्या बाबतीत हीच अडचण आली. टी-कनेक्ट या सेवेच्या संकेतस्थळाच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने डिसेंबर 2017 मध्ये चुकून गिटहबवर खुला ठेवला आणि त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची किल्ली होती. हे सप्टेंबर 2022 मध्ये लक्षात आले. जवळपास पाच वर्षांत 2,96,019 ग्राहकांचे ईमेल पत्ते कोणी पाहिले की नाही, हे कंपनीला खात्रीने सांगता आले नाही.

किल्ली बंद झाल्यावरच इतिहास साफ करायचा. त्यासाठी `git filter-repo` हे साधन वापरतात.

```
git filter-repo --path .env --invert-paths
```

यामुळे सगळा इतिहास नव्याने लिहिला जातो. तो सर्व्हरवर जबरदस्तीने चढवावा लागतो आणि प्रत्येक सहकाऱ्याला प्रकल्पाची ताजी प्रत घ्यावी लागते. कोणी जुन्या प्रतीवरूनच काम चालू ठेवले तर पुसलेली फाइल परत येऊ शकते.

पुढच्या वेळेसाठी `.env` चे नाव `.gitignore` मध्ये पहिल्या कमिटच्या आधीच लिहायचे. गिटने एकदा नोंदवलेल्या फाइलवर या यादीचा परिणाम होत नाही. 2024 पासून गिटहब खुल्या प्रकल्पांत ओळखीच्या साच्याची किल्ली असलेला कोड चढतानाच अडवते. मात्र डेटाबेसच्या साध्या पासवर्डला ठरलेला साचा नसल्याने तो या चाळणीतून निसटू शकतो. म्हणून प्रत्येक किल्लीला तिच्या कामापुरतीच परवानगी द्यायची: फोटो साठवण्याच्या किल्लीने नवे सर्व्हर सुरू करता येता कामा नयेत. मग ती बाहेर पडलीच, तरी नुकसान फोटोंच्या पलीकडे जात नाही.