कोब्यात मुरलेले तेल

सिमेंटचा कोबा घोटून कितीही गुळगुळीत केलेला असला, तरी आतून तो सच्छिद्रच असतो. सिमेंट घट्ट होताना जास्तीचे पाणी उडून जाते आणि त्या पाण्याच्या वाटा केसाहून बारीक नळ्यांच्या रूपाने मागे राहतात. गाडीखाली पडलेला ऑइलचा थेंब या नळ्यांत दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा शिरतो, फक्त उलट्या दिशेने. म्हणूनच डाग वरून कितीही घासला तरी पाणी वाळल्यावर पुन्हा दिसू लागतो. वरचे तेल निघालेले असते, आतले जागेवरच असते.

परभणी जिल्ह्यात या दुखण्याला हवामानाची जोड आहे. बरीच बांधकामे पाऊस संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यात कोब्यापर्यंत येतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि पाण्याची ओढ असते. अशा वेळी नव्या कोब्यावर पुरेसे दिवस पाणी मारले जात नाही. वरचा थर पक्का होण्याआधीच वाळतो, पुढे भुगा सोडतो आणि तेल भराभर पितो. शेजारच्या घरातला तसाच डाग सहज निघतो आणि आपला निघत नाही, याचे कारण पुष्कळदा साबणात नसते, कोब्यात असते.

थेंब ताजा असेल तर काम सोपे आहे. जुन्या सुती कापडाने तेल टिपून घ्यावे. पुसू नये, कारण पुसल्याने डाग पसरतो. मग लाकडाच्या वखारीतला कोरडा भुसा किंवा चाळलेली राख जाड पसरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झाडून घ्यावी. घराभोवतीची काळी माती मात्र टाकू नये. ती तेल शोषते हे खरे, पण तिचे कण इतके बारीक असतात की ते स्वतःच छिद्रांत बसतात आणि तेलाच्या डागावर मातीचा डाग चढतो.

खरी अडचण जुन्या, मुरलेल्या डागाची. इथे सर्वांत आधी हात जातो तो फरशी धुण्याच्या ॲसिडकडे. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळणारे हे ॲसिड ओतताच फेस येतो आणि डाग निघत असल्याचे समाधान मिळते. तो फेस तेलाचा नसतो, सिमेंटमधला चुना विरघळत असल्याचा असतो. खनिज तेलावर या ॲसिडचा परिणाम जवळजवळ होत नाही. कोब्याचा वरचा घट्ट पापुद्रा मात्र जातो आणि पुढचा थेंब आणखी खोल मुरतो. रॉकेल किंवा डिझेल ओतून घासणे हाही तसाच उलटा उपाय आहे: तेल पातळ होते आणि आणखी खाली उतरते. पेट्रोलला तर आगीच्या भीतीने हातच लावू नये.

मुरलेले तेल धुऊन निघत नाही, ते ओढून घ्यावे लागते. त्यासाठी लेप लावतात. समजा, दुचाकी रोज उभी राहते तिथे जेवणाच्या ताटलीएवढा, साधारण २० सेंटिमीटरचा, काही महिन्यांचा जुना डाग आहे. किराणा दुकानातली ३०० ग्रॅम मुलतानी माती घ्यावी. पेलाभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि एक चमचा कपड्यांची पावडर विरघळवावी. खायचा सोडा इथे चालत नाही, तो फार सौम्य असतो. हातमोजे घालून हे पाणी मातीत थोडे थोडे घालावे आणि श्रीखंडाइतके दाट मिश्रण करावे. डाग आधी झाडून घ्यावा, त्यावर उरलेले सोड्याचे पाणी चोळावे आणि दहा मिनिटांनी लेप अर्धा सेंटिमीटर जाड, डागाच्या कडेबाहेर दोन-तीन बोटे जाईल असा थापावा.

यानंतरच्या दोन टप्प्यांत घाई झाली की सगळे फसते. लेप प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून कडा दगडांनी दाबाव्यात आणि एक दिवस तसाच ठेवावा. या वेळात पाणी आणि साबण छिद्रांत उतरून तेल सैल करतात. दुसऱ्या दिवशी कागद काढून लेप उघड्यावर वाळू द्यावा. पाणी वरच्या बाजूने उडू लागले की सुटलेले तेल त्याच्यामागे वर येते आणि कोब्याहून बारीक छिद्रांच्या मातीत अडकते. न झाकलेला लेप मे महिन्याच्या उन्हात तासाभरात तडकतो, म्हणजे पाणी आत जाण्याआधीच उडून जाते. श्रावणात उलट होते, लेप दिवसेंदिवस ओलाच राहतो. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस या कामाला सर्वांत चांगले.

वाळलेला लेप लाकडी पट्टीने खरवडावा आणि काथ्याच्या ब्रशने साध्या पाण्याने जागा धुवावी. लोखंडी तारेचा ब्रश टाळलेला बरा, कारण तुटलेल्या तारांचे कण मागे राहून गंजतात. खरवडलेली माती तपकिरी, तेलकट निघाली तर लेपाने तेल ओढले असे समजावे. ती पांढरट निघाली आणि डाग तसाच असला, तर लेप आतपर्यंत पोहोचलाच नव्हता. जागा पूर्ण वाळल्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते लगेच मुरले तर तेल गेले. मण्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे. मग लेप पुन्हा लावावा. दोन-तीन वेळा लावणे हे नेहमीचेच आहे. तरीही हटत नसेल, तर पाण्याऐवजी रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाईनमध्ये माती कालवून, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर, तसाच लेप देतात. नुसते ओतलेले टर्पेंटाईन तेल खाली नेते, लेपातले वर आणते. फिकट सावली बहुधा राहतेच; ती पूर्ण घालवण्याच्या नादात कोबा खराब करण्यात अर्थ नाही.

टायरच्या डागांची गोष्ट वेगळी, कारण ते वरवरचे असतात. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की रबराचा पातळ थर कोब्यावर घासला जातो. कपड्यांच्या पावडरीचे दाट पाणी पंधरा मिनिटे ठेवून, ते वाळू न देता, काथ्याच्या ब्रशने घासले की बहुतेक डाग जातात. उरलेल्या जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा. जोर लावल्यास तिथे कायमचा फिकट ठिपका पडतो. पावसाळ्यात शेताकडून आलेल्या टायरमधला चिखलही अगदी रबरासारखा काळा दिसतो. त्यावर पाणी ओतण्याची घाई करू नये. तो पूर्ण वाळू दिला की पोपडे धरतो आणि खराट्यानेच निघतो.

रंगवलेल्या कोब्यावर गाडी दिवसेंदिवस उभी राहिली, तर टायरच्या जागी तपकिरी चट्टा उमटतो. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात घातलेली द्रव्ये रंगात उतरलेली असतात. तो चट्टा घासून निघत नाही, तेवढा भाग खरवडून पुन्हा रंगवावा लागतो. पुढे चाकांखाली जाड लाकडी फळ्या ठेवाव्यात.

तेलकट भुसा आणि माती नालीत किंवा परसात टाकू नये. वापरलेले इंजिन ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. गोळा केलेले ऑइल बंद डब्यात भरून, जुने ऑइल परत घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. भुसा आणि माती पिशवीत बांधून घरच्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाकावी.