दुसरी नोकरी स्वीकारल्यावरचा ईमेल

दुसरीकडच्या ऑफर लेटरवर सही करून ते पाठवलं, की त्याच दिवशी पहिल्या कंपनीच्या एचआरला कळवावं. नुसत्या तोंडी होकारावर मात्र माघार घेऊ नये. तो फिरू शकतो. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि ‘उमेदवारी मागे घेत आहे’ एवढं पुरे. मजकूरही थोडकाच: ‘लेखापाल पदासाठी गुरुवारी ठरलेल्या दुसऱ्या मुलाखतीला मी येऊ शकणार नाही. मी दुसरीकडची नोकरी स्वीकारली असून माझी उमेदवारी मागे घेत आहे. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार.’ नव्या कंपनीचं नाव किंवा पगार सांगायची गरज नाही. ‘सध्या तरी’ असले शब्द टाळा. पगार वाढवून हवाय असा अर्थ निघतो आणि मनधरणीचे फोन सुरू होतात.