लाल आकड्यांचा मोह

कॅटान हा जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांचा खेळ १९९५ मध्ये बाजारात आला. षटकोनी तुकडे जोडून बेट मांडायचं आणि तुकड्यांवर आकड्यांच्या चकत्या ठेवायच्या. मग दोन फासे टाकायचे. जी बेरीज येईल त्या आकड्याच्या तुकड्याला ज्याची वसाहत लागून असेल, त्याला लाकूड, विटा किंवा धान्य मिळतं. त्यामुळे पहिली वसाहत कुठे मांडली, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

चकतीवर आकड्याखाली बारीक ठिपके असतात. नवखे खेळाडू त्यांच्याकडे बघतही नाहीत, पण सगळा हिशेब त्यातच आहे. एक फासा लाल आणि दुसरा निळा आहे असं समजा. लाल फाशाच्या सहा बाजू आणि प्रत्येकीसोबत निळ्याच्या सहा, म्हणजे एकूण ३६ जोड्या होतात आणि सगळ्यांना सारखीच संधी असते. २ ही बेरीज एकाच जोडीने येते. ३ मात्र दोन जोड्यांनी येते, कारण लाल १ व निळा २ ही जोडी वेगळी आणि लाल २ व निळा १ ही वेगळी. पुढे दर आकड्याला एकेक जोडी वाढत ७ ला सहा होतात, आणि तिथून तशाच कमी होत १२ ला पुन्हा एक उरते. ठिपके म्हणजे या जोड्या. लाल रंगात छापलेल्या ६ आणि ८ खाली पाच-पाच ठिपके असतात.

म्हणून लाल आकडा दिसला की हात तिकडेच जातो. पण वसाहत तीन तुकड्यांच्या कोपऱ्यावर बसते, तेव्हा तिन्हींचे ठिपके मोजायला हवेत. एका कोपऱ्यावर ६, ३ आणि वाळवंट आहे. वाळवंटातून काहीच मिळत नाही, म्हणून ठिपके झाले ५ आणि २, म्हणजे सात. दुसऱ्या कोपऱ्यावर ४, ५ आणि १० आहेत. त्यांचे ठिपके ३, ४ आणि ३, म्हणजे दहा. लाल आकडा एकही नसताना हा कोपरा ३६ फेकींत सरासरी दहा पत्ते देईल, पहिला सातच. अर्थात ही सरासरी झाली. सलग १२ फेकींत ६ एकदाही न येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. आणि इतका वेळ आला नाही म्हणून आता तो येणारच, असंही नाही. फाशांना मागचं काही आठवत नसतं.

७ ची चकती या खेळात नाहीच. पहिल्या फाशावर काहीही पडो, दुसऱ्याची नेमकी एक बाजू बेरीज ७ करते, म्हणून तो सरासरी सहा फेकींत एकदा येतो. तो आला की दरोडेखोर हलतो आणि ज्याच्या हातात सातांहून जास्त पत्ते असतील त्याचे निम्मे जातात. चौघे खेळत असाल, तर तुमची पाळी संपल्यापासून पुन्हा खर्च करता येईपर्यंत फासे चारदा पडतात. तेवढ्यात ७ निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ ५२ टक्के असते. तेव्हा हातात आठ पत्ते असतील, तर पाळी सोडण्याआधी एखादा रस्ता तरी बांधून टाका.